स्टोरेज-बिघाडाचे तिकीट

स्टोरेजचे तिकीट म्हणजे माहिती साठवणारी यंत्रणा बंद पडली की कामावरची पाळी ठेवते ती चालू नोंद. ही नोंद वरिष्ठांना दाखवण्यासाठी असते असा समज आहे, पण तिचा खरा वाचक पुढच्या पाळीला येणारा अभियंता असतो. सर्व्हर अडकला तर तो पुन्हा सुरू करून काम भागते. डिस्कवरची माहिती वाचवताना मात्र एकेक टप्पा सात-आठ तास चालतो. दुरुस्ती सुरू करणारा माणूस ती संपेपर्यंत बहुधा तिथे नसतो. मधे कोणी चुकीची एक आज्ञा दिली तर गेलेली माहिती परत येत नाही. या दोन कारणांमुळे स्टोरेजचे तिकीट इतर तिकिटांपेक्षा वेगळ्या शिस्तीने लिहावे लागते.

महाराष्ट्रातले एक गाजलेले उदाहरण मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० ला तिथले व्यवहार थांबवावे लागले. ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवसापुरती वेळ ५ पर्यंत वाढवण्यात आली. बाहेरून दिसलेले लक्षण म्हणजे जोखीम-व्यवस्थापनाची प्रणाली उपलब्ध नव्हती. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशानुसार मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या अस्थिर झाल्या आणि त्यामुळे मुख्य केंद्रातले स्टोरेजचे जाळे अनपेक्षित रीतीने वागले. म्हणजे बिघाड वाहिनीत सुरू झाला, परिणाम स्टोरेजवर झाला आणि बोंब जोखीम-प्रणालीची झाली. तिकिटात ‘काय दिसते’ आणि ‘कशामुळे असावे’ हे वेगळे लिहायचे ते याचसाठी. पहिल्या पाळीने अंदाजच वस्तुस्थिती म्हणून लिहिला तर दुसरी पाळी त्याच दिशेने खणत बसते. याच घटनेनंतर, मार्च २०२१ मध्ये, सेबीने बाजार-संस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. निर्णय कोणी आणि कधीपर्यंत घ्यायचा, हा रकाना तिकिटात असावाच लागतो.

लहान ठिकाणी पर्यायी केंद्र नसते, म्हणून तिकिटावरचा भार आणखी वाढतो. समजण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. यवतमाळ शहरातल्या एका रुग्णालयात एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा एका लिनक्स सर्व्हरवर आहेत. चार टेराबाइटच्या चार डिस्क रेड-५ पद्धतीने जोडलेल्या आहेत. या पद्धतीत एक डिस्क गेली तरी काम चालते, दुसरी गेली की थांबते. संध्याकाळी ६.४० ला प्रतिमा उघडेनाशा झाल्या. तपासणीत प्रत्येक डिस्कवरचा घडामोडींचा क्रमांक असा निघाला:

```
mdadm --examine /dev/sd[abcd] | grep Events
Events : 48213
Events : 48213
Events : 48210
Events : 47102
```

सगळी गोष्ट या चार ओळींत आहे. पहिल्या दोन डिस्क ताज्या आहेत. तिसरी आत्ताच बाहेर पडली, ती फक्त तीन घडामोडी मागे आहे. चौथी ११११ घडामोडी मागे आहे, म्हणजे ती पूर्वीच केव्हातरी गेली होती आणि कोणाच्या लक्षात आले नाही. तिच्यावरची माहिती शिळी आहे. पुढच्या पाळीला ‘दोन डिस्क गेल्या’ एवढेच कळले तर ती चौथीलाही सुधारण्याच्या मागे लागेल, आणि शिळी माहिती ताजीत मिसळली तर प्रतिमा दुरुस्त होण्याऐवजी बिघडतील. म्हणून ही आकडेवारी तिकिटात जशीच्या तशी चिकटवायची, आपल्या शब्दांत सांगायची नाही.

तिसरी डिस्क का पडली हेही पाहावे लागते. `smartctl -A` च्या यादीत `UDMA_CRC_Error_Count` वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. `Current_Pending_Sector` वाढत असेल तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होत आहे. आपल्या प्रसंगात दुसरी गोष्ट दिसली. अशा डिस्कवर थेट काम करणे धोक्याचे असल्याने आधी तिची नक्कल नव्या डिस्कवर करायला घेतली:

```
ddrescue -f -n /dev/sdc /dev/sdf /root/sdc.map
```

नक्कल ७.३० ला सुरू झाली. सेकंदाला सुमारे १५० मेगाबाइट या वेगाने चार टेराबाइटला साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि डिस्कच्या आतल्या भागात वेग मंदावतो. म्हणजे काम पहाटे साडेतीन-चारला संपणार आणि पाळी रात्री १० ला बदलणार. हस्तांतराची खरी परीक्षा इथे आहे. दहा वाजता तिकिटाच्या शेवटी असे लिहिलेले असावे:

“नक्कल चालू आहे, सुमारे एक तृतीयांश झाली. थांबली तर तीच आज्ञा तशीच पुन्हा द्या, `sdc.map` वाचून ती पुढून सुरू होईल. ती फाइल पुसू नका. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर डिस्कची नावे बदलू शकतात. आज्ञा देण्याआधी अनुक्रमांक ताडून पाहा. जुन्या तिसऱ्या डिस्कवर लाल पट्टी आहे, नव्या डिस्कवर पांढरी. आज्ञेत आधी जुनी, मग नवी. `mdadm --create` कोणत्याही परिस्थितीत देऊ नका.”

नावांबद्दलचे वाक्य फाजील काळजीचे वाटेल, पण अनुभवी माणूस ते कधीच गाळत नाही. `sdc` हे नाव डिस्कचे नसून सुरू होताना तिला मिळालेल्या जागेचे असते. वीज जाऊन आली आणि नावे फिरली, तर वरचीच आज्ञा जुन्या डिस्कवर नवी डिस्क ओतू शकते. शेवटचे वाक्य त्याहून महत्त्वाचे. `--create` नवा संच बनवते आणि डिस्कवरच्या जुन्या संचाच्या खुणा पुसून नव्या लिहिते. घाबरलेल्या माणसाला ती दुरुस्तीची आज्ञा वाटते.

पुढचा टप्पाही तिकिटातच ठरवून द्यायचा, म्हणजे पहाटे चारला कोणाला उठवावे लागत नाही. नक्कल पूर्ण झाली की लाल पट्टीची आणि चौथी अशा दोन्ही डिस्क बाहेर काढायच्या. नकलेवर मूळ डिस्कचीच ओळख उतरलेली असते, दोन्ही एकाच वेळी लागलेल्या असतील तर संच गोंधळतो. मग पहिल्या दोन डिस्क आणि नक्कल `--assemble --force` ने जोडायची आणि फक्त वाचण्यापुरती `ro,noload` ने उघडायची. अलीकडच्या काही प्रतिमा उघडून पाहायच्या. नकलेत न वाचता आलेले भाग `sdc.map` मध्ये नोंदलेले असतात. ते किती आहेत हे सकाळच्या पाळीसाठी लिहायचे. संच जुळला नाही तर दुसरा प्रयोग न करता तिथेच थांबायचे. या ‘थांबा’च्या ओळीशेजारी निर्णय घेणाऱ्याचे पद आणि संपर्काची रीत द्यायची.

आणखी एक ओळ रुग्णालयाच्या बाजूने लागते. सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडताना डॉक्टरांना काय सांगायचे? नवे एक्स-रे यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर साठत आहेत, तिथून पुसू नयेत, जुने दुपारपर्यंत मिळणार नाहीत. आणखी नव्या डिस्क नागपूरहून रस्त्याने येणार असतील तर त्या कोणी मागवल्या आणि केव्हा निघाल्या हेही हवे, नाहीतर त्या दोनदा मागवल्या जातात किंवा एकदाही नाही.

प्रतिमा दिसू लागल्या म्हणून तिकीट बंद होत नाही. ताज्या डिस्क घालून संच पुन्हा पूर्ण व्हावा लागतो आणि वेगळ्या जागी घेतलेली प्रत उघडून तपासावी लागते. चौथी डिस्क कधी गेली हे कळले का नाही, याचे वेगळे तिकीट निघते. बहुतेक वेळा उत्तर साधे असते: `mdadm --monitor` चालू होते, पण त्याची सूचना कोणी पाहत नसलेल्या पत्त्यावर जात होती.