वृक्षबेडूक, झुडूपबेडूक आणि बिळकरी बेडूक यांची छायाचित्रांवरून ओळख

वृक्षबेडूक, झुडूपबेडूक आणि बिळकरी बेडूक हे सह्याद्री व दख्खनच्या पठारावर पावसाळ्यात आढळणाऱ्या बेडकांचे तीन गट आहेत. छायाचित्रावरून त्यांची ओळख पटवताना प्रामुख्याने बोटांच्या टोकांवरील गाद्या, त्वचेची ठेवण आणि डोळ्यांचा आकार ही लक्षणे तपासली जातात. या तिन्ही लक्षणांचे महत्त्व सारखे नाही. गाद्यांवरून चढणारा बेडूक आणि खणणारा बेडूक यांत फरक करता येतो. वृक्षबेडूक आणि झुडूपबेडूक या दोहोंना गाद्या असल्यामुळे त्यांच्यातील फरकासाठी मागच्या पायाचा पडदा व कानाची चकती पाहावी लागते. डोळ्याची बाहुली मुख्यतः इतर गटांतील बेडूक वगळण्यासाठी उपयोगी पडते.

## वर्गीकरण

वृक्षबेडूक आणि झुडूपबेडूक हे दोन्ही राकोफोरिडी या एकाच कुलात मोडतात. सामान्य वृक्षबेडूक (पॉलिपिडेट्स मॅक्युलेटस) आणि मलबारी उडणारा बेडूक (राकोफोरस मलबारिकस) ही वृक्षबेडकांची महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे होत. झुडूपबेडकांमध्ये राओर्केस्टिस आणि स्यूडोफिलॉटस या वंशांचा समावेश होतो. राओर्केस्टिस हा वंश २०१० साली स्थापन करण्यात आला असून त्याचे नाव उभयचरांचे अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे.

बिळकरी बेडूक हा मात्र एका कुलाचा गट नाही. जमीन खणून आत राहण्याची सवय दोन वेगवेगळ्या कुलांत स्वतंत्रपणे विकसित झाली आहे. स्फीरोथेका हा वंश डिक्रोग्लॉसिडी कुलातील, तर फुग्यासारख्या शरीराचा युपेरोडॉन हा वंश मायक्रोहायलिडी कुलातील आहे. त्यामुळे 'बिळकरी' ही ओळख नात्यावरून नव्हे, तर शरीररचनेवरून केली जाते.

## बोटांच्या गाद्या आणि पाय

वृक्षबेडूक व झुडूपबेडूक यांच्या प्रत्येक बोटाचे टोक पसरट, गोलसर गादीत संपते. गादीच्या कडेने एक बारीक खाच जाते व ती वरचा भाग खालच्या चिकट भागापासून वेगळा करते. बोटाच्या शेवटच्या आणि त्याआधीच्या हाडामध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो. त्यामुळे बोट टोकाशी वळते आणि गादी पानावर किंवा भिंतीवर सपाट टेकते. कूर्चा छायाचित्रात दिसत नाही, परंतु बोटाच्या टोकाजवळ पडलेला बाक स्पष्ट दिसतो. पुढच्या पायाच्या गाद्या मागच्या पायाच्या गाद्यांपेक्षा सहसा मोठ्या असतात.

बिळकरी बेडकांच्या बोटांची टोके बोथट किंवा किंचित निमुळती असतात व त्यांवर गाद्या नसतात. त्यांचे मुख्य लक्षण मागच्या तळपायावर, पहिल्या बोटाच्या बुडाशी असते. तेथे कठीण कडेचा, फावड्यासारखा उंचवटा असतो. स्फीरोथेकामध्ये असा एकच मोठा उंचवटा असतो, तर युपेरोडॉन वंशातील खणणाऱ्या जातींमध्ये दोन असतात. हे बेडूक मागचे पाय आळीपाळीने बाहेरच्या बाजूस ढकलत, पाठीच्या दिशेने जमिनीत शिरतात. बेडूक बसलेला असताना हा उंचवटा तळपायाखाली झाकला जातो. म्हणून समोरून घेतलेल्या छायाचित्रात तो दिसला नाही, तरी तो नाही असे मानता येत नाही.

पुढच्या पायाची रुंद टोके पाहून केलेली ओळख काही वेळा फसते. युपेरोडॉन टॅप्रोबॅनिकस या रंगीत जातीच्या पुढच्या बोटांची टोके त्रिकोणी आणि समोरून कापल्यासारखी रुंद असतात. ही जात झाडांच्या ढोलीतही आढळते, त्यामुळे तिला वृक्षबेडूक समजले जाते. परंतु तिच्या मागच्या बोटांची टोके जवळपास साधी असतात. राकोफोरिडी कुलातील बेडकांत पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पायांना गाद्या असतात. गाद्यांची तपासणी मागच्या पायापासून सुरू करण्याचे हेच कारण आहे.

वृक्षबेडूक व झुडूपबेडूक यांना वेगळे करण्यासाठी बोटांमधील पडदा पाहिला जातो. मलबारी उडणाऱ्या बेडकाच्या चारही पायांना बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचणारा तांबूस-नारिंगी पडदा असतो. सामान्य वृक्षबेडकाच्या पुढच्या पायाला पडदा जवळपास नसतो, मात्र मागच्या पायाचा बराचसा भाग पडद्याने जोडलेला असतो. झुडूपबेडकांची पुढची बोटे मोकळी असतात आणि मागचा पडदा तोकडा असतो.

## त्वचा आणि कानाची चकती

सामान्य वृक्षबेडकाची पाठ गुळगुळीत असते व पोटाची त्वचा दाणेदार असते. डोळ्यामागून सुरू होणारी एक घडी कानाच्या चकतीवरून खांद्याकडे उतरते. ही चकती, म्हणजे कर्णपटल, गोल, मोठी आणि ठळक असते. मांडीच्या मागच्या बाजूला गडद जाळीत पिवळे ठिपके असतात. ते पाय पसरलेले असतानाच दिसतात, परंतु दिसल्यास ओळख जवळजवळ निश्चित होते.

झुडूपबेडकांच्या पाठीवर बहुधा बारीक दाणे किंवा कणीदार उंचवटे असतात. त्यांचे कर्णपटल लहान आणि अस्पष्ट असते व पुष्कळदा त्वचेत मिसळून गेलेले दिसते. पाठीचा रंग व नक्षी एकाच जातीत फार बदलते. पिवळसर, राखाडी, विटकरी आणि पट्टे असलेले नमुने एकाच झुडपावर आढळू शकतात. त्यामुळे गट ठरवण्यासाठी रंग वापरला जात नाही.

स्फीरोथेकाची त्वचा चामखिळींनी खडबडीत असते, तिला माती चिकटलेली असते आणि शरीर आखूड व गुबगुबीत दिसते. युपेरोडॉन वंशातील खणणाऱ्या जातींची त्वचा ताणलेली आणि तुलनेने गुळगुळीत असून डोके शरीरात रुतल्यासारखे भासते. पाठीच्या दोन्ही कडांनी डोळ्यापासून कमरेपर्यंत सलग जाणाऱ्या घड्या दिसल्यास तो बेडूक या तिन्ही गटांतील नसतो. ओढ्याकाठच्या सोनपाठी बेडकांना अशा घड्या असतात. त्यांच्या बोटांची टोकेही थोडी पसरट असल्यामुळे त्यांची वृक्षबेडूक म्हणून चुकीची नोंद होते.

## डोळे

वृक्षबेडूक आणि झुडूपबेडूक यांचे डोळे मोठे, बाजूला उभारलेले आणि आडव्या बाहुलीचे असतात. बाहुली दोन्ही गटांत आडवी असल्यामुळे तिच्यावरून त्यांच्यातील फरक ठरवता येत नाही. झुडूपबेडकाचे डोळे लहान डोक्याच्या मानाने मोठे दिसतात, परंतु वृक्षबेडकाच्या पिल्लाचेही तसेच दिसतात. स्फीरोथेकाचे डोळे आखूड, बोथट डोक्यावर वरच्या बाजूला असतात. युपेरोडॉन वंशातील खणणाऱ्या जातींचे डोळे शरीराच्या मानाने लहान असतात.

बाहुलीचा खरा उपयोग रातबेडूक (निक्टिबॅट्रॅकस) वगळण्यासाठी होतो. निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी ही सह्याद्रीतील जात १९५५ साली वर्णिली गेली. ती ओढ्यावर झुकलेल्या पानांवर बसते व तिच्या बोटांवर चकत्या असतात. त्यामुळे गाद्या आणि जागा या दोन्ही गोष्टींवरून तिला झुडूपबेडूक मानले जाऊ शकते. परंतु तिची बाहुली उभी, चौकटच्या आकाराची असते आणि त्वचेवर सुरकुत्या असतात.

बाहुलीचा आकार प्रकाशावर अवलंबून असतो. अंधारात ती पसरते आणि जवळजवळ प्रत्येक बेडकात गोल दिसते. फ्लॅशचा झोत फार अल्पकाळ टिकतो. बाहुली आकुंचन पावण्यापूर्वीच छायाचित्र टिपले जाते. म्हणून रात्रीच्या छायाचित्रातील गोल बाहुली हे कोणत्याही गटाचे लक्षण मानले जात नाही. दिवसा घेतलेल्या किंवा विजेरीच्या प्रकाशात काही वेळ गेल्यानंतर घेतलेल्या छायाचित्रातील आकार अधिक विश्वसनीय असतो.

## एक उदाहरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे जुलैमधील रात्री कारवीच्या पानावर बसलेल्या तपकिरी बेडकाचे छायाचित्र आहे, असे समजू. त्यात मोजपट्टी नाही, बाहुली गोल दिसते आणि चारही पायांवर गाद्या आहेत. मागच्या पायावर गाद्या असल्याने स्फीरोथेका व युपेरोडॉन वगळता येतात. पाठीच्या कडांना सलग घड्या नाहीत, म्हणून सोनपाठी बेडूकही नाही. बाहुली पसरलेली असल्याने तिचा उपयोग नाही, परंतु त्वचेवर सुरकुत्या नसल्याने रातबेडकाची शक्यता कमी होते. आता झुडूपबेडूक आणि सामान्य वृक्षबेडकाचे पिल्लू या दोन शक्यता उरतात.

या दोहोंत केवळ आकारमानावरून निर्णय करता येत नाही, कारण झुडूपबेडकाचा प्रौढ आणि वृक्षबेडकाचे पिल्लू सारख्याच लांबीचे असू शकतात. अशा वेळी मागचा पडदा आणि कर्णपटल तपासले जातात. पडदा तोकडा व कर्णपटल अस्पष्ट असल्यास कल झुडूपबेडकाकडे जातो. त्याच प्रसंगीच्या दुसऱ्या छायाचित्रात गळ्याखालची पिशवी फुगलेली दिसली, तर शंका उरत नाही. साद फक्त प्रौढ नर घालतो आणि एवढ्या लहान आकाराचा प्रौढ नर वृक्षबेडकाचा नसतो. मोजपट्टी नसली, तरी पानाच्या रुंदीवरून आकाराचा अंदाज बांधता येतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण स्यूडोफिलॉटस आंबोली ही झुडूपबेडकाची जात २००९ साली आंबोलीवरूनच वर्णिली गेली. सामान्य वृक्षबेडूक मात्र भारतात दूरवर पसरलेला असून घरांच्या भिंतींवरही आढळतो. त्याच्या पिल्लाची नोंद आंबोलीच्या जातीच्या नावे झाली, तर मर्यादित प्रदेशातील जातीच्या नकाशावर खोटा ठिपका उमटतो. म्हणून वरील छायाचित्राची नोंद 'झुडूपबेडूक, जात अनिश्चित' अशी करणे योग्य ठरते.

## मर्यादा

छायाचित्रावरून गट ठरवता येतो, पण झुडूपबेडकाची जात बहुधा ठरवता येत नाही. २०१३ साली महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून वर्णिलेला राओर्केस्टिस घाटेई आणि त्याच वंशातील राओर्केस्टिस बॉम्बेयेन्सिस यांसारख्या जाती रंगावरून वेगळ्या करणे धोक्याचे असते. त्यांच्यासाठी सादेचे ध्वनिमुद्रण आवश्यक असते व काही वेळा जनुकीय तपासणीही करावी लागते.

अंडी दिसत असल्यास ती सहायक पुरावा ठरतात. वृक्षबेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा टाक्याच्या कडेला फेसाचे घरटे बनवतात व त्यातून डिंभक पाण्यात पडतात. झुडूपबेडकांच्या अंड्यांतून डिंभकाची मुक्त अवस्था टाळून थेट छोटे बेडूक बाहेर येतात आणि त्यांना फेसाचे घरटे नसते.

ओळख पटण्याजोग्या नोंदीसाठी बाजूने, वरून आणि मागच्या पायाकडून अशी तीन छायाचित्रे लागतात. बेडूक काचेवर किंवा खिडकीवर बसला असेल, तर पलीकडून तळपायाचे छायाचित्र मिळते. फावड्यासारखा उंचवटा दिसावा म्हणून बेडूक हातात उलटा धरण्याची पद्धत टाळली जाते. बेडकाची त्वचा पातळ व शोषक असून हातावरील मीठ किंवा डासांसाठी लावलेले मलम त्यातून आत शिरते.

## हेही पाहा

* उभयचर प्राणी
* राकोफोरिडी
* सह्याद्री
* आंबोली