नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तर त्याच दिवशी डोळे का तपासायचे?

नागीण बहुतेक वेळा छातीवर, पाठीवर किंवा कमरेला उठते. तिथली नागीण दुखते, आग होते, पण जिवावर किंवा नजरेवर सहसा बेतत नाही. हीच नागीण कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली की मामला वेगळा होतो. नाकाच्या शेंड्यावरचा एखादा छोटासा फोडसुद्धा डोळ्याला धोका असल्याची खूण असते. अशा वेळी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवे.

नाकाचा आणि डोळ्याचा संबंध काय?

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय वाढल्यावर, साखरेच्या आजारात, कॅन्सरच्या किंवा स्टिरॉइडच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो आणि एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो. त्यालाच नागीण म्हणतात.

कपाळ, वरची पापणी आणि नाक या भागाला एकाच मोठ्या नसेच्या फांद्या जातात. त्यातली एक फांदी नाकाच्या कडेला आणि शेंड्यापर्यंत पोचते, आणि त्याच फांदीचे धागे डोळ्याच्या बुबुळातही जातात. म्हणून शेंड्यावर फोड आला याचा अर्थ विषाणू त्या फांदीत उतरला आहे आणि डोळ्याची वाट त्याला मोकळी आहे. हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६० च्या दशकात ही खूण लिहून ठेवली. आजही डॉक्टर ती त्यांच्याच नावाने ओळखतात.

ही खूण नसली म्हणजे डोळा सुटला, असे मात्र नाही. कपाळावरच्या नागिणीत औषध घेतले नाही तर साधारण निम्म्या रुग्णांच्या डोळ्याला त्रास होतो, आणि त्यात नाकावर एकही फोड नसलेले रुग्णही असतात. त्यामुळे कपाळावर किंवा पापणीवर फोड असतील तरी डोळा तपासून घ्यावाच.

दिवस कसे मोजायचे?

एक उदाहरण पाहा. साठीतला शेतकरी, साखरेची गोळी चालू आहे. सोमवारी त्याच्या कपाळाच्या डाव्या बाजूला ठणका लागतो, केसांना हात लावला तरी झोंबते. अर्धशिशी समजून तो डोकेदुखीची गोळी घेतो. मंगळवारीही तेच. बुधवारी सकाळी कपाळावर लाल चट्टा आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड दिसतात. सगळे डाव्या बाजूलाच, कपाळाच्या मध्यरेषेपर्यंत येऊन थांबलेले. गुरुवारी नाकाच्या शेंड्यावर एक फोड येतो आणि डावा डोळा लाल होतो.

इथे घड्याळ बुधवारी सकाळी सुरू झाले. विषाणूवरची गोळी फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर तिचा सर्वांत जास्त फायदा होतो. म्हणजे शनिवारी सकाळपर्यंत. शनिवारचा बाजार उरकून सोमवारी दवाखान्यात जाऊ म्हटले तर ती वेळ निघून जाते. ७२ तास उलटले तरी घरी बसू नये. डोळ्याजवळ नागीण असेल तर उशिरा आलेल्या रुग्णालाही डॉक्टर बहुधा औषध देतात.

औषध कोणते आणि चूक कुठे होते?

प्राथमिक आरोग्य केंद्रातले किंवा गावातले एमबीबीएस डॉक्टरही गोळी लगेच सुरू करून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवू शकतात. सर्वांत स्वस्त गोळी असायक्लोव्हिर. मोठ्या माणसाला ती साधारण ८०० मिलिग्रॅमची, दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस दिली जाते. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०, अशी वेळ लावली की चुकत नाही. अनेकांची चूक इथेच होते. दिवसाला दोनच गोळ्या घेतल्या किंवा फोड सुकले म्हणून चौथ्या दिवशी थांबवल्या तर उपचार अर्धवट राहतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून तो डॉक्टरांना आधीच सांगावा.

दुसरी चूक म्हणजे मेडिकलमधून परस्पर डोळ्यात टाकायचे थेंब आणणे. डोळा लाल झाला की अनेकदा स्टिरॉइडचे थेंब दिले जातात. या आजारात ते थेंब कधी कधी लागतात, पण कधी द्यायचे आणि कधी बंद करायचे हे यंत्रावर डोळा पाहूनच ठरते. चुकीच्या वेळी टाकले तर बुबुळाची जखम वाढू शकते.

तिसरी चूक म्हणजे नागीण उतरवण्यात दिवस घालवणे. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, असे सांगतात. खरे तर ती एका बाजूच्या नसेवर असते आणि मध्यरेषेपाशी थांबते. गेरू, चुना किंवा झाडपाल्याचा रस पापणीजवळ लावला तर तो डोळ्यात उतरतो, फोड पिकतात आणि तपासणी अवघड होते.

दुखणे थांबले म्हणजे बरे झाले का?

डोळ्यात विषाणू शिरला की बुबुळावर जखम होते, आत सूज येते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. उजेड सहन होत नाही, धूसर दिसते. यातला फसवा भाग असा की काही रुग्णांच्या बुबुळाची संवेदनाच जाते. कचरा गेला तरी कळत नाही. डोळा दुखायचा थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि जखम आत वाढत राहते. पुढे बुबुळावर पांढरा डाग पडून नजर अधू होते.

म्हणून डोळ्यांचे डॉक्टर रंगाचा थेंब टाकून बुबुळ पाहतात, दाब मोजतात आणि कापसाच्या धाग्याने स्पर्श कळतो का ते तपासतात. पहिल्या तपासणीत डोळा ठीक निघाला तरी साधारण आठवड्याने पुन्हा दाखवावे लागते, कारण त्रास फोड सुकल्यावरही सुरू होऊ शकतो. तालुक्याला नेत्रतज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जावे. धूसर दिसणे, उजेड टोचणे किंवा डोळ्यात खोल दुखणे असेल तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नये.

घरात काय जपायचे?

फोडातल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्यांना कांजिण्या होऊ शकतात. खपली धरेपर्यंत गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला रुग्णाजवळ नेऊ नये, टॉवेल वेगळा ठेवावा. फोडाला हात लागला तर साबणाने धुवावा, तोच हात डोळ्याला लावू नये. फोड फोडू नयेत.