दोषदायित्व कालावधी (बंगळूरु)
सदनिकेचा ताबा मिळाल्यानंतर बिल्डरने दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची मुदत. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ती ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षे असते. तुळईला गेलेल्या तड्याइतकेच निकृष्ट कारागिरीचे दोषही तिच्यात येतात. ‘हे स्ट्रक्चरल नाही’ ही बिल्डरची नेहमीची सबब त्यामुळे टिकत नाही. समजा, ताबा १० जून २०२२ चा आहे आणि मार्च २०२६ मध्ये छत गळू लागले. मालकाने तारखेसह छायाचित्रे व ताबापत्राची प्रत जोडून लेखी कळवावे. तोंडी तक्रारीला पुरावा उरत नाही. कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास कर्नाटक रेराकडे तक्रार करून भरपाई मागता येते. मालकाने स्वतः भिंत फोडून केलेल्या बदलांमुळे मात्र दावा कमकुवत होतो.