मोटारखर्च, मासिक (सातारा व सांगली)

खाजगी मोटार बाळगण्यास दरमहा प्रत्यक्षात येणारा एकूण आकार. भाड्याची गाडी, एस.टी. किंवा वडाप यांवर तेवढ्याच प्रवासासाठी होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना करता येते. ही तुलना सातारा व सांगली जिल्ह्यांत बहुधा चुकते, आणि ती चुकण्याचे कारण गणितात नसून किर्दीत असते. पेट्रोलपंपावर मोजलेले पैसे प्रत्येकाच्या ध्यानी राहतात. परंतु अंगणात उभ्या असलेल्या गाडीची किंमत रात्रंदिवस झिजत असते, आणि त्या झिजेची पावती कोणी हाती देत नसल्यामुळे तो खर्च कोणत्याच वहीत चढत नाही.

या खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला स्थिर : गाडी चालो वा न चालो, तो चुकत नाही. दुसरा चल : तो किलोमीटरच्या प्रमाणात वाढतो. स्थिर भागातील सर्वांत मोठी बाब घसारा होय. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य ठरविताना पहिल्या वर्षाच्या अखेरीस १५ टक्के, तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ३० टक्के व पाचव्याच्या अखेरीस ५० टक्के घट धरीत आल्या आहेत. जुन्या गाडीचा बाजारभाव याहून थोडा निराळा असू शकतो, तथापि झिजेचा अंदाज बांधण्यास हे कोष्टक पुरेसे आहे. घसाऱ्याच्या खालोखाल व्याज येते. मोटार कर्जाने घेतली असल्यास ते हप्त्यात दिसते. रोखीने घेतली असल्यास तीच रक्कम बँकेत मुदतठेवीस असती तर मिळाले असते ते व्याज बुडते. अनेक सुज्ञ गृहस्थ ‘आम्ही कर्ज काढले नाही’ असे अभिमानाने सांगतात आणि ही दुसरी बाब मोजीत नाहीत.

उदाहरणादाखल रस्त्यावर येईतो ८ लक्ष रुपयांस पडलेली, ८ वर्षांनी २ लक्ष ६० हजारांस विकली जाणारी आणि वर्षाला अदमासे १२,००० कि.मी. चालणारी पेट्रोलची लहान मोटार घेऊ. (खाजगी मोटारीवरील राज्याचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरावा लागत असल्याने तो या ८ लक्षांत आला आहे.) तिचा घसारा दरमहा सुमारे ५,६०० रुपये होतो, गुंतलेल्या सरासरी भांडवलावर सालीना ७ टक्क्यांनी व्याज सुमारे ३,१००, विमा १,२००, आणि तेलपाणी, बॅटरी व किरकोळ दुरुस्ती मिळून ९००. म्हणजे गाडीची चावी न फिरविताही महिन्याला १०,८०० रुपये खर्ची पडतात. चल खर्च त्या मानाने साधा आहे : पेट्रोल लिटरला १०५ रुपये व सरासरी साडेसतरा कि.मी. धरल्यास किलोमीटरला ६ रुपये, व टायरांपोटी आणखी ५० पैसे.

आता सांगलीतील अशा कुटुंबाचा विचार करावा, की ज्याचे कामधंद्याचे येणेजाणे दुचाकीवर होते आणि मोटार बाजार, दवाखाना, लग्नकार्ये व महिन्याकाठी एखादी कोल्हापूरची फेरी एवढ्यासाठीच निघते. ही चाल ४०० कि.मी. धरली तर महिन्याचा एकूण आकार १३,४०० रुपये, म्हणजे किलोमीटरला साडेतेहतीस रुपये येतो. भाड्याची चालकासहित गाडी किलोमीटरला १४ रुपयांनी मिळते असे मानल्यास तेवढ्याच प्रवासास ५,६०० रुपये लागतील. त्यावर चालकाचा भत्ता आणि दिवसाच्या किमान किलोमीटरची अट यांपोटी माफक वाढ धरली, तरी हिशेब मोटारीच्या विरुद्धच जातो. दोन्ही पारडी समान होण्यास महिन्याला सुमारे १,४४० कि.मी., म्हणजे रोज ४८ कि.मी. चाल पडावी लागते. शहरगावातील घरगुती मोटार इतकी क्वचितच चालते.

साताऱ्याहून कराडला नोकरीनिमित्त रोज जाणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी, कारण त्याची तुलना भाड्याच्या गाडीशी नसून एस.टी.शी असते. अंतर सुमारे ५२ कि.मी. आहे; एस.टी.चे भाडे ६ कि.मी.च्या टप्प्याने आकारले जात असल्याने हे ९ टप्पे भरतात, आणि जानेवारी २०२५ मधील वाढीनंतर साध्या गाडीस टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास धरून एका खेपेस सुमारे ९१ रुपये पडतात. मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून महिनाभर प्रवास करता येतो, म्हणून पास सुमारे ३,६४० रुपयांस येतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे असल्यामुळे त्यांनी २४ दिवस रोजचे तिकीट काढले तरी सुमारे २,२०० रुपयांतच भागते. पूर्ण भाड्याच्या आधारे काढलेला पास त्यांना महागच पडेल. हाच प्रवास मोटारीने केल्यास महिन्याची चाल अदमासे २,५०० कि.मी. होते. चल खर्च १६,२५० रुपये, त्यात तासवडे टोलनाक्याचा आकार मिळवावयाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये २०० फेऱ्यांपुरता वार्षिक फास्टॅग पास ३,००० रुपयांस सुरू झाला. महिन्याला ४८ वेळा नाका ओलांडणाऱ्याचा हा ‘वार्षिक’ पास चार महिन्यांतच संपतो, तरीही त्या दराने ओलांडणीस १५ रुपयेच पडल्याने महिन्याचा टोल ७२० वर राहतो. स्थिर खर्चासह एकूण बेरीज २७,८०० रुपयांच्या घरात जाते. शिवाय वर्षाला ३०,००० कि.मी. धावलेल्या गाडीस आठव्या वर्षी वर धरलेली किंमत येणार नाही, तो घसारा वेगळाच.

यावर तोड म्हणून कचेरीतले चौघे एका गाडीत बसून पेट्रोलची काँट्री काढतात. पेट्रोल, टायर व टोल चौघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ४,२५० रुपये येतात, म्हणजे पासाहून सहाशेच रुपये अधिक. तिघेजण त्या बदल्यात वेळ वाचवून समाधानाने उतरतात. मात्र वाटणीत घसारा, व्याज, विमा व दुरुस्ती कोणी धरीत नसल्याने गाडीच्या मालकास आपल्या हिश्श्यावर १०,८०० रुपयांची भर एकट्याने सोसावी लागते. परस्परांतील ही वाटणी वेगळी, आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन उतारू नेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारास परवाना लागतो आणि तो नसताना अपघात घडल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो.

विम्यावर काटकसर करण्याचा मोह सांगलीत विशेष धोक्याचा आहे. केवळ तृतीयपक्ष विमा कायद्यास पुरतो, पण त्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान येत नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील कृष्णेच्या पुरांनंतर नदीकाठच्या वस्त्यांत हा भेद सैद्धांतिक उरलेला नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान मिळते, तथापि पाणी ओसरताच उत्सुकतेने गाडी सुरू करून पाहिल्याने इंजिनात पाणी शिरून जे बिघडते, ते इंजिनसंरक्षणाचे जादा कलम नसल्यास सामान्यतः नाकारले जाते. बुडालेली गाडी चालू न करता ओढून नेणे, हे या जिल्ह्यात खर्चाच्या हिशेबाचेच एक कलम समजावे.

वरील आकडे वाहनखर्चाचे आहेत, वेळेचे नव्हेत. एस.टी.ने जाणाऱ्यास स्थानकापर्यंतची रिक्षा व उभे राहण्याचा काळ, आणि वडापाने जाणाऱ्यास गाडी भरेपर्यंतची प्रतीक्षा सोसावी लागते. आडगावच्या शेवटच्या फेरीची वेळ टळली की दुसरा उपाय महागडा असतो. सार्वजनिक सेवा बंद पडण्याचा धोकाही काल्पनिक नाही : २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला आणि पास काढणाऱ्यांना त्या काळात वडाप, रेल्वे किंवा सहकाऱ्याची मोटार शोधावी लागली. पुणे–मिरज लोहमार्ग या दोन्ही जिल्ह्यांतून जातो, परंतु साताऱ्याचे स्थानक शहराबाहेर माहुलीस व कराडचे ओगलेवाडीस असल्यामुळे रेल्वेच्या स्वस्त तिकिटात दोन्ही टोकांच्या रिक्षाचे भाडे मिळविल्यावाचून तिची एस.टी.शी तुलना करता येत नाही.