उजळणी आणि विस्मरण : यंत्र जुनं का विसरतं?

आज एका अगदी साध्या प्रयोगापासून सुरुवात करू. साल १९८९. मायकेल मॅक्लॉस्की आणि नील कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका छोट्या न्यूरल नेटवर्कला बेरजा शिकवायच्या ठरवल्या. आधी एकच्या बेरजा, म्हणजे एक अधिक एक, एक अधिक दोन, नऊ अधिक एक अशा एकूण १७. त्या सगळ्या बरोबर येईपर्यंत त्यांनी सराव घेतला. मग दोनच्या बेरजा सुरू केल्या, त्याही १७. शाळेत मुलांना शिकवतो तसंच.

मूल दोनच्या बेरजा शिकताना एकच्या बेरजा विसरत नाही. हे नेटवर्क विसरलं. दोनच्या बेरजांची एकच फेरी झाली आणि एकच्या बेरजा बिघडू लागल्या; आणखी काही फेऱ्यांत त्या जवळजवळ पुसल्या गेल्या. गंमत बघा, ‘एक अधिक दोन’ ही बेरीज दोन्ही यादींत होती, तरी नव्या धड्याच्या सुरुवातीला तीसुद्धा डगमगली. या प्रकाराला कॅटास्ट्रॉफिक इंटरफिअरन्स, पुढे कॅटास्ट्रॉफिक फर्गेटिंग असं नाव पडलं. मी त्याला ‘सर्वनाशी विस्मरण’ म्हणतो.

माणूसही विसरतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच या दोघांनी दुसरा प्रयोग केला. १९५९ साली बार्न्स आणि अंडरवुड यांनी माणसांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या होत्या, आणि नंतर त्याच पहिल्या शब्दांना नवे जोडीदार दिले होते. नवी यादी पक्की झाल्यावरही लोकांना जुन्यापैकी निम्म्याच्या आसपास जोड्या आठवत होत्या. तोच धडा नेटवर्कला दिला, तर जुनं शून्यावर आलं. माणसाचं विसरणं उताराचं असतं, यंत्राचं कड्यावरून पडल्यासारखं.

आता एक कबुली देतो. नव्वदच्या दशकात मी एम.ए.च्या वर्गाला मनाचं तत्त्वज्ञान शिकवत असे. स्मृती म्हणजे कपाटातली फाइल नव्हे, ती जाळ्यातल्या असंख्य जोडण्यांमध्ये विखुरलेली असते, आणि म्हणूनच एखादा धागा तुटला तरी सगळं जात नाही, असं मी मोठ्या उत्साहानं सांगायचो. हा विखुरलेपणा मी गुण म्हणून शिकवला. तोच या दोषाचं मूळही आहे, हे मी कधी सांगितलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या विद्यार्थ्यांचं थोडं देणं फेडणं आहे.

दोष नेमका कुठे आहे, ते एका चिमुकल्या उदाहरणात पाहू. कागद घ्या. आपल्या नेटवर्कमध्ये दोनच आकडे आहेत. या आकड्यांना वेट म्हणतात, आपण ‘भार’ म्हणू. यंत्राकडे दोन दिवे आहेत. पहिला दिवा लागला की पहिला भार मोजायचा, दुसरा लागला की दुसरा, दोन्ही लागले तर दोन्हींची बेरीज. जी येईल ते उत्तर.

पहिला धडा : फक्त पहिला दिवा लागला की उत्तर १ यावं. शिकून झाल्यावर पहिला भार १ आहे आणि दुसरा ०. दुसऱ्या भाराचा या धड्याशी काही संबंधच आला नाही. आता दुसरा धडा : दोन्ही दिवे लागले की उत्तर ० यावं. सध्या उत्तर येतं १. चूक एकची आहे, आणि शिकण्याची नेहमीची रीत ती चूक दोन्ही भारांवर सारखी वाटते. पहिला उतरून अर्ध्यावर येतो, दुसरा उणे अर्ध्यावर जातो. बेरीज ०, नवा धडा पाठ! पण आता फक्त पहिला दिवा लावा. उत्तर येतं अर्धं. जुना धडा बिघडला.

इथे कुणी काही ‘पुसलं’ का? नाही. जुनं ज्ञान ज्या आकड्यात होतं, तोच आकडा नव्या कामाला लावला, एवढंच. खरं दुःख असं, की दोन्ही धडे सांभाळणारं उत्तर उपलब्ध होतं : पहिला भार १, दुसरा उणे १. तपासून बघा. यंत्र तिथे गेलं नाही, कारण पहिला आकडा कुणाच्या तरी कामाचा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

यावर इतिहासात दोन मार्ग निघाले. जुना मार्ग उजळणीचा. आमच्या पिढीला पाढ्यांच्या पुस्तकालाच ‘उजळणी’ म्हणायची सवय होती. पावकी शिकत असतानाही रोज संध्याकाळी बे एके बेपासून म्हणावं लागे. १९९५ साली मॅक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओ’रायली यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांच्या नेटवर्कला पक्षी, मासे, झाडं, फुलं यांची माहिती होती. त्यात पेंग्विन आणला, म्हणजे पोहणारा पण न उडणारा पक्षी. एकट्या पेंग्विनचा धडा घोकून घेतला, तर तो लवकर येई, पण इतर प्राण्यांची माहिती बिघडे. तोच धडा जुन्या उदाहरणांत मिसळून दिला, तर वेळ जास्त लागे, पण जुनं टिकत असे. त्यांचं म्हणणं होतं की मेंदूमध्ये दोन व्यवस्था असाव्यात : हिप्पोकॅम्पस चटकन टिपून घेतो आणि तेच पुन्हा पुन्हा सादर करत कॉर्टेक्सला सावकाश शिकवतो. त्याच वर्षी अँथनी रॉबिन्स यांनी दाखवलं की जुनी उदाहरणं हाताशी नसतील, तर यंत्राला काहीही प्रश्न विचारून त्याची आत्ताची उत्तरं टिपून ठेवायची आणि त्यांचीच उजळणी घ्यायची. तेवढ्यानंही बराच फायदा होतो.

आजचा रिप्ले बफर हा या उजळणीचाच वंशज. समजा, २०० उदाहरणांची एक डबी ठेवली. पहिली २०० सरळ आत. पुढे हजाराव्या उदाहरणाला आत येण्याची संधी हजारात दोनशे, म्हणजे पाचात एक. ते आत आलं, तर आतलं कुठलं तरी एक चिठ्ठी टाकल्यासारखं बाहेर काढायचं. असं केलं की आजवर पाहिलेल्या प्रत्येक उदाहरणाला डबीत असण्याची संधी सारखी राहते. मग शिकवताना दर खेपेला, समजा, दहा नवी आणि डबीतली दहा जुनी अशी मिसळून द्यायची. आपल्या दोन दिव्यांच्या यंत्राला दोन्ही धडे असे आलटून पालटून द्या. ते १ आणि उणे १ याच उत्तरावर जाऊन थांबेल, कारण दोघांनाही मान्य असं तेवढंच एक उत्तर आहे.

दुसरा मार्ग २०१७ चा. जेम्स कर्कपॅट्रिक आणि डीपमाइंडमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी इलास्टिक वेट कन्सॉलिडेशन ही पद्धत मांडली. कल्पना अशी : पहिला धडा संपला की प्रत्येक भाराला विचारायचं, तू जरासा हललास तर जुनी उत्तरं किती बदलतील? या मापाला संख्याशास्त्रात फिशर माहिती म्हणतात. ज्याचं माप मोठं, त्याला जुन्या जागेशी कडक स्प्रिंगनं बांधायचं. ज्याचं शून्य, तो मोकळा. आपल्या यंत्रात पहिल्या भाराचं माप १ येतं, दुसऱ्याचं ०. म्हणून दुसऱ्या धड्यात पहिला शेवटी १ वरच राहतो, आणि सगळी दुरुस्ती दुसरा अंगावर घेतो. पुन्हा तेच उत्तर, आणि एकही जुनं उदाहरण जपून न ठेवता. दवाखान्यातले रुग्णांचे कागद जिथे साठवून ठेवता येत नाहीत, तिथे या गोष्टीला फार किंमत आहे.

मग प्रश्न सुटला का? नाही. आपल्या यंत्राला तिसरा धडा द्या : फक्त दुसरा दिवा लागला की उत्तर ० यावं. दुसरा भार तर उणे एकवर बसलाय. दोन आकड्यांत या तीन मागण्या मावतच नाहीत. मोठ्या नेटवर्कमध्ये जागा पुष्कळ असते, पण धडे वाढत गेले की स्प्रिंगा सगळीकडे आवळल्या जातात आणि नवं शिकणं अडतं. शिवाय हे माप प्रत्येक भाराचं सुटंसुटं घेतात. पहिला थोडा वर गेला आणि दुसरा तेवढाच खाली आला, तर दुसऱ्या धड्याचं काहीच बिघडत नाही. पण असं जोडीनं हलणं या मापाला दिसत नाही.

याहून खोल मर्यादा २०१९ मध्ये व्हॅन द व्हेन आणि टोलियास यांच्या तुलनेत स्पष्ट झाली. हातानं लिहिलेले अंक ओळखायचे : आधी ० आणि १, मग २ आणि ३, असं ८ आणि ९ पर्यंत पाच धडे. परीक्षेत ‘हा कोणत्या धड्यातला अंक’ हे सांगितलं, तर ईडब्ल्यूसी उत्तम उत्तरं देते. न सांगता दहांपैकी कोणता अंक असं विचारलं, तर ती २० टक्क्यांच्या आसपास राहते. दहांपैकी दोन अंक म्हणजे २० टक्के. यंत्र फक्त शेवटचा धडा ओळखत होतं! जुनी उदाहरणं, किंवा यंत्रानंच बनवलेल्या त्यांच्या प्रतिकृती, पुन्हा दाखवणाऱ्या पद्धती मात्र ९० टक्क्यांच्या घरात पोचल्या. कारण सरळ आहे. ३ आणि ८ यांतला फरक शिकायला दोघांना कधीतरी एकत्र पाहावं लागतं. जुन्या भारांना कितीही घट्ट बांधलं, तरी जी तुलना कधी झालीच नाही ती त्यांत कुठून येणार? स्प्रिंग जुनं राखते, पण जुन्याला नव्याशेजारी आणून बसवत नाही.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. हे विस्मरण आपण होऊन दिसत नाही. चालू धड्याची चूक कमी होत असते, आलेख छान उतरत असतो. प्रत्येक धड्यानंतर मागच्या सगळ्या धड्यांची परीक्षा घ्या आणि तक्ता मांडा. एखादा धडा शिकून झाला तेव्हाचे गुण आणि शेवटचे गुण यांतला फरक, हेच विस्मरणाचं माप.

२०१७ च्याच निबंधातली एक गोष्ट सांगून थांबतो. तिथे एका यंत्राला दहा अटारी खेळ शिकवले होते. स्प्रिंगांमुळे ते बरेच खेळ सांभाळू शकलं, पण दहा वेगळ्या यंत्रांची बरोबरी त्याला करता आली नाही. आणि प्रत्येक खेळ शिकताना त्या खेळाचा रिप्ले बफर त्याच्याजवळ होताच. म्हणजे बांधून ठेवण्याच्या पद्धतीलाही उजळणी सोडता आली नव्हती. स्मृती विखुरलेली असते, हे मी वर्गात सांगायचो ते चूक नव्हतं. विखुरलेलं टिकवायचं तर ते पुन्हा म्हणावं लागतं, हे सांगायचं राहिलं होतं. ते आज सांगितलं.