दहा वाजता शिल्लक शून्य

पुढची संध्याकाळ कल्पित आहे, पण तिच्यातले दोष असे बॉट बांधताना खरोखर होतात. द्राक्ष बागायतदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर फवारणीचा सल्ला देणारी एक सेवा आहे. प्रश्न आला की सर्व्हर तो भाषा-मॉडेलला पाठवतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, ते शेतकऱ्याला धाडतो आणि मगच मेटाला `200` ही पोच देतो.

दुपारी ४. सहा तास बाकी. अवकाळी पाऊस पडून गेला. डाऊनीच्या धास्तीने प्रश्न वाढले, उत्तरे मात्र झटपट जात आहेत.

संध्याकाळी ६. चार तास बाकी. मॉडेलला मागचे काही आठवत नाही, म्हणून आधीचे बोलणे प्रत्येक प्रश्नासोबत पुन्हा पाठवावे लागते. इथे ते सगळेच्या सगळे पाठवले जाते. एका प्रश्नोत्तराचे ५०० टोकन धरले, तर चाळिसाव्या वेळी २०,००० टोकन जातात आणि चाळीस वेळांची बेरीज ४,१०,००० होते. शेवटची सहाच प्रश्नोत्तरे पाठवली असती तर १,१२,५०० लागले असते. वाण, छाटणीची तारीख, कालचे औषध एवढे वेगळे नोंदवून सोबत दिले की सल्ल्याला बहुतेक वेळा तेवढे पुरते.

रात्री ८. दोन तास बाकी. बोलणी लांबली, तशी उत्तरे मंदावली. पोच वेळेत न मिळाल्याने मेटा तोच निरोप पुन्हा पाठवतो. सर्व्हर त्याला नवा समजून मॉडेलला पुन्हा विचारतो आणि इतिहासातही पुन्हा लिहितो. त्यामुळे पुढची विनंती आणखी लांबते, उशीर आणखी वाढतो. शेतकऱ्याला एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात, कधी औषधाचे प्रमाणही वेगवेगळे. मला पैशापेक्षा हे जास्त गंभीर वाटते. शेतकऱ्यांचे प्रश्न तेवढेच असून मॉडेलकडे जाणाऱ्या विनंत्या वाढत असतील, तर दुखणे हेच.

यावर उपाय असा: निरोप रांगेत टाकून लगेच पोच द्यायची आणि रांगेतून उचलताना त्याचा क्रमांक तपासायचा.

```python
if r.set(msg["id"], 1, nx=True, ex=604800):
    answer(msg)
```

एकदा नोंदलेला क्रमांक ७ दिवस पुन्हा घेतला जात नाही.

रात्री ९. एक तास बाकी. खर्चाच्या इशाऱ्याचा ईमेल आला. असा इशारा नुसता कळवतो, खर्च थांबवत नाही. दर नंबरामागे रोजची टोकनमर्यादा सर्व्हरमध्येच घातलेली हवी होती.

रात्री १०. आगाऊ भरलेली रक्कम संपली. मॉडेलकडून `429` येतो, सर्व्हर कोलमडून मेटाला `500` देतो. सगळ्यांची उत्तरे बंद.

सकाळी पैसे भरले, तरी सुटका नाही. पोच न मिळालेले निरोप मेटा ७ दिवसांपर्यंत, हळूहळू अंतर वाढवत, पाठवत राहतो. म्हणून आधी क्रमांकाची तपासणी बसवा, पैसे नंतर भरा.