दहावा सौदा: २७ ऑक्टोबर १९९७

सोमवार, पहाट (न्यूयॉर्कची वेळ). हाँगकाँगचा हँगसेंग निर्देशांक सुमारे ६ टक्के पडून बंद झाला आहे. आशियातलं चलनसंकट जुलैत थायलंडपासून सुरू झालं आणि त्याच थायलंडमधल्या बँकांच्या शेअर्सनी व्हिक्टर नीडरहॉफर यांच्या फंडाला उन्हाळ्यात मोठा फटका दिला होता. हे नाव साधं नाही. स्क्वॉशचे माजी विजेते, जॉर्ज सोरोस यांचे एकेकाळचे सहकारी आणि वर्षानुवर्षं सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास परतावा देणारे सट्टेबाज अशी त्यांची ख्याती होती. थायलंडचा खड्डा भरून काढायला त्यांनी एस अँड पी ५०० निर्देशांकाचे पुट ऑप्शन मोठ्या प्रमाणावर विकले होते. त्यांचे स्ट्राइक बाजाराच्या बरेच खाली होते.

सकाळी ९.३०. बाजार उघडतो आणि घसरू लागतो. शुक्रवारी एस अँड पी ९४१ वर बंद झाला होता.

दुपारी १२. घसरण चालूच आहे. पुट विकणाऱ्याचं नेमकं काय होतं, ते एका काल्पनिक लॉटवर पाहू. समजा, निर्देशांक ९४० असताना कुणी ८३० च्या स्ट्राइकचा नोव्हेंबरचा पुट २ अंकांना विकला. त्या काळी एका अंकाचे ५०० डॉलर होत, म्हणजे हातात १,००० डॉलर आले. महिनाभरात बाजार १२ टक्के पडला नाही, तर ते पैसे विकणाऱ्याचेच. बाजार इतका क्वचितच पडतो, त्यामुळे महिन्यामागून महिना हजार डॉलर जमत जातात. दहापैकी नऊ वेळा असं झालं, की कमाई ९,००० डॉलर. या माणसाच्या वहीत नव्वद टक्के यश लिहिलेलं असेल, आणि ते खरंही असेल. पण एका फटक्यात नऊ प्रीमियमपेक्षा जास्त जाणार असेल, तर त्या नव्वद टक्क्यांवर विसंबता येत नाही. किती वेळा जिंकलो, याच्या शेजारी हरलो तेव्हा किती गेलं, हा आकडा असल्याशिवाय वही अपुरी आहे. गुंतवणूकदाराला दाखवतात ती मात्र बहुधा पहिलीच बाजू. याचं मला फार वाईट वाटतं, कारण फटका अजून बसलेला नसतो तोवर वही सर्वांत सुंदर दिसते.

२.३६. डाऊ जोन्स ३५० अंकांनी खाली. नियमाप्रमाणे व्यवहार अर्धा तास थांबवले जातात, शिकागोचे फ्युचर्स आणि ऑप्शनही. विकणाऱ्याला बाहेर पडायचं असेल, तरी या अर्ध्या तासात दारच बंद आहे. ‘इतका तोटा झाला की निघायचं’ अशी मनाशी आखलेली रेघ इथे उपयोगाची नाही.

३.०६. बाजार पुन्हा उघडतो. पुढचा टप्पा ५५० अंकांचा आहे, तिथे दिवसाचे व्यवहारच संपतील, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी विकून मोकळं व्हायची घाई सुरू होते आणि त्या घाईनेच बाजार त्या टप्प्याकडे ओढला जातो.

३.३०. डाऊ ५५४ अंकांनी, म्हणजे ७ टक्क्यांहून अधिक खाली. बाजार नेहमीपेक्षा अर्धा तास आधी बंद.

संध्याकाळ. एस अँड पी ८७७. आपला ८३० चा स्ट्राइक अजून ४७ अंक दूर आहे, तरीही तोटा झालेला आहे. भीती वाढली की ऑप्शनची किंमत स्ट्राइकची वाट पाहत नाही. २ अंकांचा पुट २५ ला पोचला असं धरू. एका लॉटमागे २३ अंक, ११,५०० डॉलर गेले. नऊ महिन्यांचे ९,००० पुसून वर २,५०० चा खड्डा. लॉटमागे १०,००० डॉलरच भांडवल ठेवलं असेल, तर खातं शून्याच्याही खाली. ब्रोकर मार्जिन मागतो, तो आजच्या भावाने. शेवटच्या तारखेला काय होईल, हा त्याचा प्रश्न नसतो.

मंगळवार, २८ ऑक्टोबर, सकाळ. हाँगकाँग आणखी १३.७ टक्के पडून बंद झालेलं. न्यूयॉर्कही खाली उघडतं, एस अँड पी ८५५ पर्यंत जातो. मग वळतो. दिवसअखेर डाऊ ३३७ अंकांनी वर. पण नीडरहॉफर यांच्या फंडाला मार्जिन भरता आलेलं नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर. नीडरहॉफर गुंतवणूकदारांना पत्राने कळवतात: फंडाचं भांडवल संपलं आहे.

भांडवल भरपूर असतं तर निभावलं असतं, हे यावेळी खरं. पण १९ ऑक्टोबर १९८७ ला हाच निर्देशांक एका दिवसात २० टक्के पडला होता. तशा घसरणीत ८३० पर्यंतचं हे अंतर एका दुपारीच ओलांडलं गेलं असतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. ऑप्शनची मुदत संपते. एस अँड पी ९४० च्या वर आहे. ८३० चा पुट शून्यावर संपतो, म्हणजे विकणाऱ्याचे २ अंक पूर्ण पदरात. मार्जिन पुरून उरलेल्या वहीत हा दहावा सौदासुद्धा यशस्वी म्हणूनच नोंदला जाईल.